फी शून्य, मग पैसे गेले कुठे?

एकाच रविवारी, एकाच खोलीतून बाहेर पडलेल्या दोघांनी दुबईहून कोकणात पैसे पाठवले. दोघांच्या खिशातून बरोबर हजार दिरहम गेले. एकाच्या घरी २२,५११ रुपये पोचले, दुसऱ्याच्या घरी २२,१५०. गंमत अशी की ज्याच्या घरी कमी पोचले, त्याच्याकडून फी म्हणून एक फिल्ससुद्धा घेतलेला नव्हता.

हा दुसरा म्हणजे चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीतला २३ वर्षांचा मुलगा. आयटीआयला एसी-फ्रिज दुरुस्तीचा ट्रेड केलेला, गावात काम वर्षातले चार महिने, म्हणून ओळखीतून दुबई गाठलेली. इमारतींच्या छतावर चढून एसीची युनिटं उतरवायची, धुवायची, पुन्हा बसवायची, असं काम. पगार दीड हजार दिरहम. राहायची खोली आणि कामावर नेणारी बस कंपनीची, जेवण आपलं आपण. खोली सोनापूरला. शहराच्या कडेचा मुहैस्ना नावाचा हा भाग. पण तिथे राहणारे लाखभर कामगार त्याला सोनापूरच म्हणतात. त्याचं नाव इथे देत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीत अशा मुलाचं नाव कुणीही सांगेल.

कोकणाला बाहेरून येणाऱ्या पैशाची सवय जुनी आहे. गिरणगावातल्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली की घरात मीठमिरची यायची. भारतात टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली ती १८८० साली. शंभर रुपये पाठवायचे तर पाच रुपये कमिशन, आणि ते फॉर्म भरतानाच पोस्टमास्तर मागून घेत असे. महाग होतं, पण डोळ्यांसमोर होतं. आता आखातातून येणारा पैसा त्याहून स्वस्तात आणि काही तासांत येतो. फक्त तो येताना वाटेत किती कापला जातो, हे फॉर्मवर एका ठिकाणी लिहिलेलं नसतं. आणि ही रक्कम काही थोडीथोडकी नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ साली भारतात परदेशातून सुमारे ११८ अब्ज डॉलर घरोघरी आले, त्यातला जवळपास पाचवा हिस्सा एकट्या अमिरातीतून, आणि राज्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा.

पहिला पगार कार्डावर जमा झाला. अमिरातीत २००९ पासून पगार रोख हातात न देता सरकारी देखरेखीखालच्या यंत्रणेतून बँकेत किंवा पगार-कार्डावर द्यावा लागतो, त्यामुळे निदान पगार आला की नाही यावर वाद होत नाही. मुलाने महिन्याचे पाचशे बाजूला ठेवले, हजार काढले आणि वस्तीजवळच्या एका एक्सचेंजच्या दुकानात रांगेत उभा राहिला. काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, भारतासाठी फी शून्य. काउंटरवरच्या माणसाने एमिरेट्स आयडी घेतलं, आईचं नाव, खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी कोड विचारला, पैसे कशासाठी असं विचारून स्वतःच ‘फॅमिली मेंटेनन्स’ भरलं आणि पावती पुढे सरकवली. मुलाने पावती घडी घालून खिशात ठेवली. पहिल्या कमाईचे पैसे घरी निघाले होते. अशा वेळी पावती वाचायचं कुणाच्या मनात येतं?

संध्याकाळी खोलीवर आईचा फोन आला. बँकेचा मेसेज आला होता, शेजारच्या पोराने वाचून दाखवला होता, बावीस हजार एकशे पन्नास. आई खूश, मुलगा खूश. वरच्या बंकवर दापोलीकडचे एक गृहस्थ होते, आखातात चौदा वर्षं काढलेले, खोलीतले सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनीही त्याच दिवशी मोबाईलवरून हजार दिरहम पाठवले होते. त्यांनी आकडा ऐकला आणि विचारलं, “किती म्हणालास? पावती बघू.”

मुलाची पावती आणि दादांच्या मोबाईलवरची पावती शेजारी शेजारी ठेवली. त्यातले आकडे वाचकांना हिशेब करता यावा म्हणून इथे थोडे सोपे करून देतो.

मुलाच्या पावतीवर: पाठवलेले दिरहम १,०००. फी शून्य. दर २२.१५. म्हणजे २२,१५० रुपये.

दादांच्या पावतीवर: फी १० दिरहम. फीवर पाच टक्के व्हॅट, म्हणजे ५० फिल्स. २०१८ पासून अमिरातीत हा कर फीवर लागतो. हजारातून साडेदहा गेले, उरलेले ९८९.५० दिरहम रुपयांत बदलले. दर २२.७५. म्हणजे २२,५११ रुपये.

“मी फी दिली, तू दिली नाहीस,” दादा म्हणाले, “तरी माझ्या घरी तीनशे एकसष्ट जास्त. तुझी फी त्याने दरातून घेतली.”

मुलाचं म्हणणं साधं होतं: “दर तर दर असतो ना दादा? सरकारने ठरवलेला?”

हा समज जवळजवळ सगळ्या नव्या मुलांचा असतो, आणि तो वाईट समज नाही. सोन्याचा भाव जसा पेपरात येतो तसा दिरहमचा भाव कुठेतरी ठरत असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. एक भाव खरोखरच ठरतो. दिरहम १९९७ पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे: एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. त्यामुळे डॉलर किती रुपयांना आहे हे कळलं की दिरहमचा खरा भाव कुणीही मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढू शकतो. समजा त्या दिवशी डॉलर ८४ रुपयांना होता. ८४ ला ३.६७२५ ने भागा: २२.८७. मोठमोठ्या बँका आपापसात ज्या भावाने खरेदी-विक्री करतात त्याच्या मधला हा भाव. इंटरनेटवर शोधलं की तो दिसतो.

पण हा भाव काउंटरवर कुणालाच मिळत नाही. एक्सचेंजवाला रुपये त्याच्या आसपासच्या भावात घेतो आणि आपल्याला थोडे कमी देतो. मधला फरक त्याचा. त्यातून दुकानाचं भाडं, माणसांचे पगार, पैसे पोचवण्याचा खर्च निघतो. यात काही गैर नाही, कुणी फुकट राबणार नाही. प्रश्न एवढाच की हा फरक कुणी किती ठेवायचा यावर बंधन नाही. ज्याने काचेवर ‘फी शून्य’ लिहिलं त्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याने २२.८७ च्या भावातले ७२ पैसे दर दिरहमामागे ठेवून घेतले. हजार दिरहमवर ते ७२० रुपये झाले. दादांच्या कंपनीने भावातले १२ पैसे ठेवले, फी वेगळी घेतली, सगळं मिळून सुमारे ३५९ रुपये झाले.

जागतिक बँक देशोदेशींचा पैसे पाठवण्याचा खर्च मोजते तेव्हा नेमकी हीच बेरीज करते: फी अधिक भावातला फरक, आणि पाठवलेल्या रकमेच्या टक्क्यांत. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत हा खर्च तीन टक्क्यांच्या आत आणायचं ठरवलं आहे. मुलाचा खर्च ३.१ टक्के झाला, दादांचा १.६. ‘फी शून्य’वाला जागतिक उद्दिष्टाच्या बाहेर आणि फी घेणारा आत, हे त्या दोन पावत्यांचं खरं वाचन.

दादांनी पुढच्या रविवारी त्याला बरोबर नेलं, पैसे पाठवायला नव्हे, नुसतं विचारायला. चार दुकानं एकाच रस्त्यावर. प्रत्येक ठिकाणी दादांनी एकच प्रश्न विचारला: “माझ्याकडे एकूण हजार दिरहम आहेत. फी, व्हॅट सगळं यातूनच. इंडियात खात्यात किती रुपये पडतील?” दर विचारला नाही, फी विचारली नाही. दोन्हींचं उत्तर या एका आकड्यात येतं, आणि हा एक आकडा दुसऱ्या दुकानातल्या आकड्यासमोर सरळ ठेवता येतो. एका ठिकाणी दर २२.७० आणि फी २० दिरहम होती. व्हॅट धरून २१ गेले, ९७९ चे २२,२२३ रुपये. मुलाच्या पहिल्या दुकानापेक्षा ७३ रुपयांनी जास्त, दादांच्या ॲपपेक्षा बरेच कमी.

दुकानात एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. भिंतीवरच्या फलकावर रुपयासमोर दोन-तीन भाव झळकत असतात. एक नोटांचा: म्हणजे तुम्ही रोख नोटा घेतल्या किंवा दिल्या तर. दुसरा खात्यात पैसे पाठवण्याचा, त्याला तिथे टीटी रेट म्हणतात. नोटांचा भाव बघून आपण हिशेब मांडला आणि पावतीवर वेगळाच आला, तर चूक दुकानदाराची नसते. विचारायचं ते टीटीचं. आणि विचारून झाल्यावरही सही करण्याआधी पावतीवरचा दर स्वतः वाचायचा, कारण भाव दिवसात बदलतो आणि काउंटरवरच्या माणसाला घाई असते.

मोबाईलच्या ॲपचीही एक खोड आहे. पहिल्यांदा पैसे पाठवणाऱ्याला अनेक कंपन्या जवळजवळ मधल्या भावाइतका चांगला भाव देतात आणि फी घेत नाहीत. ती सूट पहिल्या वेळेपुरती किंवा एका मर्यादेपुरती असते. दुसऱ्या महिन्यात तोच माणूस सवयीने तेच बटण दाबतो आणि भाव उतरलेला असतो. खोलीतल्या एका बिहारच्या मुलाचं असं तीन महिने चाललं होतं. म्हणून दरवेळी पाठवण्याआधी त्या पडद्यावरचा शेवटचा आकडा, खात्यात पडणारे रुपये, हाच नव्याने वाचावा लागतो.

मग भाव चढायची वाट बघावी का? खोलीत यावर रोज चर्चा रंगते. दहा पैशांनी भाव वाढला तर हजार दिरहमवर शंभर रुपये मिळतात. तेवढ्यासाठी घरी किराण्याची उधारी पंधरा दिवस लांबवायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे: रुपया उद्या कुठे जाईल हे मोठमोठ्या बँकांनाही सांगता येत नाही, पण कोणत्या दुकानात आज किती मिळतात हे पंधरा मिनिटांत कळतं. दुकानं बदलून मिळणारे रुपये खात्रीचे आहेत.

आता पलीकडच्या टोकाकडे येऊ. एक्सचेंजवाल्यांचा भारतातल्या बँकांशी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने करार असतो. दिरहमचे रुपये तिकडेच होतात आणि इकडे खात्यात रुपयेच येतात. अशा वेळी पावतीवर छापलेली रुपयांची रक्कम आणि पासबुकातली रक्कम पैशापैशाला जुळली पाहिजे. मुलाच्या आईच्या खात्यात बरोबर २२,१५० पडले, म्हणजे वाटेत कुणी हात मारला नव्हता. कमी पडले असते तर पावतीवरचा संदर्भ क्रमांक दाखवून एक्सचेंजकडे भारतातल्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक मागायचा आणि तो घेऊन गावच्या बँकेत जायचं. तो क्रमांक असला की पैसे कोणत्या दिवशी कुठल्या खात्यात गेले ते बँकेला काढता येतं. गावची बँक दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनामूल्य करता येते, त्याचा फोन १४४४८.

बँकेतून परदेशी चलनातच तार पाठवली तर मात्र चित्र वेगळं असतं. मधली एखादी बँक आपले डॉलर कापते, इकडची बँक आपल्या भावाने रुपये करते आणि चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी लावते, जो छोट्या रकमेला किमान ४५ रुपये पडतो. पावतीवर रुपयांचा आकडाच नसतो, त्यामुळे जुळवायला काही हाती राहत नाही. वीस-पंचवीस हजारांच्या पाठवणीला हा मार्ग सहसा परवडत नाही.

आईच्या खात्याचीही एक गोष्ट आधी तपासावी लागते आणि ती हजारात दहा जणही तपासत नसतील. जनधनच्या काळात पुष्कळ बायकांची खाती पूर्ण कागदपत्रांशिवाय ‘छोटं खातं’ म्हणून उघडली गेली. अशा खात्यात पूर्ण केवायसी झाल्याशिवाय परदेशातून आलेले पैसे जमा करता येत नाहीत. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. शिवाय बँकांची विलीनीकरणं झाली, तेव्हा कित्येक शाखांचे आयएफएससी बदलले आणि घरच्या ट्रंकेतल्या जुन्या पासबुकावर जुनाच कोड राहिला. यातलं काहीही झालं की पैसे परत फिरतात. परत फिरताना रुपयांचे पुन्हा दिरहम होतात, या वेळी खरेदीच्या भावाने, आणि भरलेली फी बहुधा परत मिळत नाही. पहिलीच पाठवण अशी परत आली की मुलाला वाटतं आपल्याला फसवलं. खरं तर आईने आधार आणि पॅन घेऊन एकदा शाखेत जाऊन केवायसी केली असती आणि नवीन पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला असता, तर एवढं झालं नसतं. खाते क्रमांक तोंडी सांगून घेऊ नये. पैसे क्रमांकावर जातात, आणि एक आकडा चुकला तर ते दुसऱ्याच कुणाच्या खात्यात जाऊन बसू शकतात.

आईच्या डोक्यात आणखी एक भीती होती: मुलाने पाठवलेल्या पैशांवर कर बसेल का? नाही. मुलाने आईवडिलांना दिलेली रक्कम त्यांच्या हातात करपात्र धरली जात नाही. शेजारच्या कुणीतरी तिला भलतंच सांगितलं होतं.

पैसे खात्यात आले तरी हातात येईपर्यंत आणखी एक खिडकी लागते. बँकेची शाखा एसटीने तासाभरावर, म्हणून आई गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढते. केंद्रवाला दर हजारामागे दहा रुपये हातातून घ्यायचा. त्याला बँकेकडून कमिशन मिळतं, आणि बँकेच्या वतीने काम करणाऱ्या अशा प्रतिनिधीने ग्राहकाकडून परस्पर पैसे घेऊ नयेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुलाने फोनवर आईला एवढंच सांगितलं, “दरवेळी छापील पावती माग. त्यावर जेवढे काढले लिहिलंय तेवढेच मोजून घे.” आईने मागितली. पहिल्यांदा मशीनमध्ये कागद नव्हता. दुसऱ्यांदा कागद होता आणि दहा रुपये कुणी मागितले नाहीत. दहा हजार काढले तर शंभर रुपये. दुबईत दुकान बदलून वाचवलेल्या पैशांतला चांगला मोठा भाग इथे सांडत होता.

आणखी एक माणूस प्रत्येक वस्तीत असतो आणि त्याच्याविषयी स्पष्ट लिहायला हवं. तो कुठल्या दुकानात बसत नाही. खोल्याखोल्यांतून फिरतो, दर सांगतो तो थेट २३ च्या वर, म्हणजे मधल्या भावापेक्षाही चांगला, फी नाही, आयडी नको, आणि संध्याकाळच्या आत घरी पैसे. हा हुंडीचा धंदा. मुलाला त्याने दुसऱ्याच महिन्यात गाठलं. इतका चांगला भाव कसा परवडतो, हा प्रश्न इथे विचारायचा असतो. ज्याला भारतातला काळा पैसा बाहेर न्यायचा आहे तो त्या दिरहमसाठी जास्त मोजायला तयार असतो. तुमचे दिरहम तिकडे त्याच्या कामी येतात आणि इकडे त्याचे रुपये तुमच्या घरी पोचतात. सरहद्द ओलांडून काही जातच नाही. भारताच्या फेमा कायद्यात हे बसत नाही, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला पावती नसते.

अलीकडे याला एक वाईट फाटा फुटला आहे. पूर्वी माणूस नोटा घेऊन दारात यायचा. आता रुपये कुठल्यातरी अनोळखी खात्यातून मोबाईलवर आईच्या खात्यात येतात. ते खातं ऑनलाइन फसवणुकीत वापरलं गेलेलं असेल, तर पोलीस त्या पैशांचा माग काढत जिथे जिथे ते गेले ती खाती गोठवतात. शेकडो किलोमीटर दूरच्या राज्यातल्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून गावच्या बँकेत आईचं खातं बंद पडतं, त्यात आधीची शिल्लकही अडकते, आणि ते मोकळं करायला महिनोन्महिने जातात. दर दिरहमामागे तीस-चाळीस पैसे जास्त मिळाले म्हणून अख्खं खातं पणाला लावायचं, हा व्यवहार मला कुणाही मुलाने करावासा वाटत नाही. दादांनी त्याला दोन शब्दांत सांगितलं होतं: “पावती नाही, पैसे नाही.”

तिसऱ्या महिन्यात वडिलांच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि आईने मधेच पैसे मागितले. मुलाकडे पाचशेच दिरहम होते. त्यातच दादा सुट्टीवर गावी गेलेले, आणि त्यांच्या ॲपसाठी लागणारी मुलाची कागदपत्रांची पडताळणी अजून अडकलेली. तेव्हा दोनच पर्याय होते: ते पहिलं शून्य फीचं दुकान, किंवा २२.७० दर देऊन २१ दिरहम घेणारं दुसरं. खोलीतल्या सगळ्यांनी सांगितलं, दुसऱ्यातच जा, पहिल्याने तुला फसवलं होतं.

त्याने आधी कॅल्क्युलेटर काढला. दुसऱ्या दुकानात पाचशेतून २१ वजा, राहिले ४७९, गुणिले २२.७०: १०,८७३ रुपये. पहिल्यात पाचशे गुणिले २२.१५: ११,०७५ रुपये. शून्य फीचं दुकान दोनशे रुपयांनी स्वस्त निघालं.

कारण ठरावीक फी रकमेकडे बघत नाही. २१ दिरहम हजारात दोन टक्के होतात, पाचशेत चार टक्क्यांहून जास्त, दोनशेत तर दहा टक्क्यांच्या वर. भावातला फरक मात्र रकमेबरोबर वाढत जातो. थोडे पैसे असतील तर फी जड जाते, जास्त असतील तर दर. या दोन दुकानांचा काटा साधारण ८६७ दिरहमवर बरोबरीत येतो: त्याखाली शून्य फीवालं स्वस्त, त्यावर फीवालं. दुकानं बदलली किंवा भाव हलला की हा आकडाही बदलतो, त्यामुळे तो पाठ करून उपयोग नाही. पण यावरून एवढं कळतं की घाईची गरज नसेल तर दर आठवड्याला दोन-दोनशे पाठवण्यापेक्षा महिन्याचे एकदम पाठवणं ठरावीक फीच्या दुकानात किती तरी स्वस्त पडतं.

तो पुन्हा त्या काचेवर ‘फी शून्य’ लिहिलेल्या दुकानात गेला. काउंटरवर तोच माणूस होता. मुलाने पाचशे दिरहम समोर ठेवायच्या आधी विचारलं, खात्यात किती रुपये पडतील, आणि आकडा ऐकून कॅल्क्युलेटरशी जुळवला. माणसाने ११,०५० सांगितलं. फलकावर टीटीचा भाव २२.१५ होता, मुलाने तिकडे बोट दाखवलं. माणसाने पडदा पुन्हा बघितला, म्हणाला सकाळचा भाव राहिला होता, आणि ११,०७५ ची पावती काढली.